‘कळेना’तला ‘ना’: प्रत्यय, सुटा शब्द की मधलंच काही?

पानसुपारी

लोककथांच्या ध्वनिमुद्रणांवरून उतरवलेल्या मजकुराचं मुद्रितशोधन करते आहे. कथा सांगणाऱ्या बहुतेक बायका सातारा-सांगलीकडच्या, वयाने मोठ्या. उतरवणारे मात्र वेगवेगळे, त्यामुळे एकच गोष्ट पानोपानी वेगळी दिसते. सगळ्यात जास्त घोळ ‘ना’चा आहे. ही तीन वाक्यं बघा:

म्हातारी काही केल्या दार उघडेना.
पोरं कुणाचंच ऐकेनात.
राजाला काय करावं तेच कळेचना.

तिसरं वाक्य एकाने ‘कळेचना’ असं लिहिलंय, दुसऱ्याने ‘कळेच ना’, आणि एका ठिकाणी चक्क ‘कळे च ना’ आहे. छापताना जोडायचं की तोडायचं एवढंच असतं तर मी एक पद्धत ठरवून पुढे गेले असते. पण पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची द्यायची आहे. ‘ना’ ला सूचीत स्वतःची नोंद द्यायची, की ‘कळेना’, ‘उघडेना’ ही ‘कळणे’, ‘उघडणे’ यांची रूपं म्हणून त्यांच्याखाली घालायची?

‘ना’ हा प्रत्यय आहे की शब्द, हे ओळखतात कसं? उत्तरापेक्षा ओळखायची रीत कळली तर जास्त बरं, कारण पुढे ‘च’, ‘ही’, ‘की’ सगळेच रांगेत उभे आहेत.

देशस्थ_मास्तर

यात अवघड काही नाही. शाळेच्या व्याकरणात शुद्ध शब्दयोगी अव्ययांची यादी असते: च, देखील, ना, पण, मात्र, सुद्धा. त्यात ‘ना’ आहेच. ही अव्ययं शब्दाला जोडून येतात, पण त्यांच्यामुळे शब्दाचं सामान्यरूप होत नाही. ‘घर’ला ‘ला’ लावा, ‘घराला’ होतं. ‘च’ लावा, ‘घरच’ राहतं. ‘कळे’ला ‘ना’ लागल्यावर ‘कळे’ बदलत नाही. म्हणून प्रत्यय नव्हे, अव्यय. जोडून लिहा आणि सूचीत वेगळी नोंद द्या.

सायली_न्यूजर्सी

माझ्या मुलीचा याच जातीचा प्रश्न आहे म्हणून विचारते. ती इथेच जन्मलेली, मराठी शाळेत जाते. ‘त्याने केलं, तिने केलं, आईने केलं’ हे पक्कं आहे, पण स्वतःबद्दल बोलताना ‘मीने केलं’ म्हणते. तिला काय सांगू? ‘ने’ हा सुटा शब्द आहे की प्रत्यय? इंग्रजीत ‘बाय’ सुटा आहे, तसा धरला तर तिचं बरोबरच आहे ना?

अवग्रह

मास्तरांनी दिलेली सामान्यरूपाची कसोटी नामांसाठी उत्तम आहे. ‘च’ आणि ‘ला’ यांच्यातला फरक ती नेमका दाखवते. पण क्रियापदाला सामान्यरूप नसतंच, त्यामुळे ‘कळे’पुढे ती कसोटी चालवली तर उत्तर नेहमी ‘बदल नाही’ असंच येणार. ‘येईन’मधल्या ‘न’ला तीच कसोटी लावून बघा, तोही अव्यय ठरेल.

शिवाय यादीतला ‘ना’ हा दुसरा ‘ना’ आहे: ‘ये ना’, ‘आहे ना’, ‘येईल ना’ यातला. आग्रहाचा, दुजोरा मागणारा. पानसुपारींचा ‘ना’ नकाराचा आहे. दोन्ही कानाला सारखे लागतात, पण अनेकवचन केलं की लगेच वेगळे होतात. ही जोडी सावकाश म्हणून बघा:

‘आमचे आजोबा रोज भजन करीत ना, तेव्हाची गोष्ट.’
‘काही केल्या ते भजन करीनात.’

पहिल्यात अनेकवचनाचा ‘त’ क्रियापदावर बसला आणि ‘ना’ त्याच्या बाहेर, सुटा राहिला. दुसऱ्यात ‘त’ क्रियापदावरून उठून ‘ना’च्या पुढे गेला. ‘करीतना’ असं नकारार्थी कुणीच म्हणत नाही. दुसऱ्या पुरुषातही तेच: ‘तू ऐकेनास म्हणून आईला हाक मारली.’ म्हणजे नकाराचा ‘ना’ चालवला जातो: ना, नास, नात. जे रूप बदलतं त्याला अव्यय कसं म्हणायचं?

पानसुपारी, हीच तुमची पहिली चाचणी: वचन-पुरुषाची खूण नक्की कुठे बसते ते बघायचं. खूण संशयित तुकड्याच्या बाहेर बसत असेल तर तो तुकडा ‘च’ किंवा ‘सुद्धा’च्या जातीचा नाही. एकतर तो क्रियापदात मुरलेला प्रत्यय आहे, नाहीतर स्वतः चालणारं सहायक क्रियापद. त्या दोघांतून निवडायला पुढच्या चाचण्या लागतील.

सायलीताई, मुलीला एवढंच सांगा की मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ‘ने’ लागत नाही. ‘मी केलं, तू केलंस.’ तिची चूक हुशारीची आहे, ती नियम सगळीकडे सारखा लावते आहे. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या चुकीतच आहे. सुटा शब्द सहसा असं निवडून चार सर्वनामं वगळत नाही. ‘साठी’ बघा, माझ्यासाठी, तुझ्यासाठी, आमच्यासाठी, सगळ्यांना लागतो. अशी मधेच पडलेली, कारण न देता येणारी भोकं प्रत्ययाच्या रूपावलीत जास्त सापडतात.

बिट्स_आणि_बाराखडी

माझा स्वार्थ वेगळा आहे. मराठी मजकुरात शब्द शोधायचं एक छोटं साधन लिहितोय. ‘कळणे’ शोधलं की ‘कळेना’, ‘कळेचना’ही सापडायला हवं. सध्या एवढंच केलंय:

```
[ेीई]च?ना[सत]?$
```

‘उघडेना, येईना, करीनात, ऐकेनास, कळेचना’ सगळं पकडतं. ‘मुलींना’ पकडत नाही, कारण मधे अनुस्वार येतो. पण ‘सेना’ आणि ‘करीना’ही पकडतं. ‘करीना’ तर नटीही आहे आणि क्रियापदही! हे चुकीचे शब्द गाळायला व्याकरणाची काही मदत होईल का, की नुसती यादीच करावी लागेल?

अवग्रह

यादी करा. ‘सेना’तला ‘ना’ हा मुळात तुकडाच नाही, आणि ते नुसत्या अक्षरांवरून कळणार नाही. पण ‘ना’च्या आधीचा भाग क्रियापदांच्या कोशाशी जुळवून पाहिलात तर बरीच चाळणी होईल. ‘स’ असा धातू नाही, म्हणून ‘सेना’ गळेल. ‘करीना’ला मात्र आजूबाजूचं वाक्यच बघावं लागेल.

माडाची_सावली

गोव्याहून. तुम्ही ज्याच्यावर डोकं लावताय तो ‘ना’ आमच्याकडे धडधाकट सुटा शब्द आहे. ‘घरांत कोण ना’ म्हणजे घरात कोणी नाही. कुणी काही विचारलं तर नुसतं ‘ना’ म्हणून उत्तर देता येतं. पैसे नसले की ‘पयशे नात’, बघा, तिथेही अनेकवचनाला ‘नात’. आणि हाच ‘ना’ क्रियापदाला जोडूनही येतो: ‘तो येना’, ‘ते येनात’. मग मराठीतला ‘ना’ वेगळा कशाला मानायचा? तोही शब्दच आहे, फक्त क्रियापदाला टेकून उभा राहतो.

मराठीतलं घरचंच उदाहरण घ्या. नाही-नाहीस-नाहीत, नये-नयेस-नयेत, नको-नका. नकाराचे सगळे शब्द स्वतः चालतात. ना-नास-नात त्याच कुटुंबातला. याला प्रत्यय म्हणणं म्हणजे एका भावाला घराबाहेर काढणं.

देशस्थ_मास्तर

यादीतला ‘ना’ निराळा, हे मान्य. पण माडाची_सावली म्हणतात त्याला माझा पूर्ण पाठिंबा. ज्ञानेश्वरीपासून ‘न’ सुटाच दिसतो. ‘न कळे’ म्हणतात, तिथे तो क्रियापदाच्या आधी आहे. आधीही येतो आणि नंतरही येतो तो प्रत्यय कसा?

अवग्रह

‘न कळे’मधला ‘न’ आणि ‘कळेना’मधला ‘ना’ एकाच घराण्यातले असतील, पण आज त्यांची जागा अदलाबदल करता येते का, हा खरा प्रश्न. ‘म्हातारी दार उघडेना’ याऐवजी ‘म्हातारी दार ना उघडे’ म्हणून बघा. ‘ना धड उघडे, ना धड लावी’ अशी जोडी केली तर चालतं, पण ती जोडीची वेगळी रचना. एकटं ‘ना उघडे’ आज कुणी बोलत नाही. कोकणीबद्दलही तेच. शेजारच्या भाषेत तो सुटा आहे यावरून तो पूर्वी सुटा असावा असा अंदाज बांधता येतो. मराठीत आज तो काय आहे हे मराठी बोलणाऱ्याच्या तोंडातूनच ठरवावं लागेल. ‘येतोस का?’ याला मराठीत ‘नाही’, ‘नको’ अशी उत्तरं येतात. नुसतं ‘ना’ नाही.

कुटुंबाचा मुद्दा मात्र फार चांगला आहे. म्हणून ‘ना’ला त्याच्याच भावाशेजारी, ‘नाही’शेजारी उभं करून चाचण्या घेऊ. नुसत्या ‘ना’कडे बघून काही कळत नाही, जवळचा आणि निर्विवाद सुटा असलेला नमुना शेजारी लागतो.

पहिली, जागा हलवणं. ‘ऐकत नाही तो’, ‘नाही ऐकत तो’, ‘ऐकत तो नाहीच मुळी’, तिन्ही चालतात. ‘ऐकेना तो’ चालतं, पण ‘ना ऐके तो’ आणि ‘ऐके तो ना’ नाही. नकाराचा ‘ना’ जागचा हलत नाही.

दुसरी, एकाच नकारात दोन क्रियापदं. ‘पोर हलत किंवा बोलत नाही’: एक ‘नाही’ दोघांना पुरतं. आता ‘पोर हले किंवा बोलेना’ म्हणून बघा. मोडतं. ‘हलेना की बोलेना’, ‘खाईना पिईना’, ‘ना’ प्रत्येकाला वेगळा द्यावा लागतो. सुटा शब्द दोघांत वाटून घेता येतो, अंगाला शिवलेली बाही वाटून घेता येत नाही.

तिसरी, अर्थाची, आणि मला हीच सगळ्यात बोलकी वाटते. ‘उघडे’चा अर्थ काय? ‘रोज सकाळी देवळाचं दार उघडे’, म्हणजे पूर्वी उघडत असे. त्यात नकार मिसळला तर ‘पूर्वी उघडत नसे’ असा अर्थ यायला हवा. पण ‘दार उघडेना’ म्हणजे तसं नाही. म्हणजे प्रयत्न केला, जोर लावला, तरी उघडलं नाही. आणि ते आत्ताही असू शकतं: ‘अगं, दार उघडेना, काय करू?’ आठवणीतली सवय गेली, अडून बसणं आलं. दोन तुकडे नुसते शेजारी ठेवले असते तर अर्थांची बेरीज झाली असती. इथे बेरजेत न बसणारं काहीतरी तयार झालंय. ‘राहवेना’चं तर होकारी भावंडच उरलं नाही, ‘मला राहवे’ असं आज कोण म्हणतं?

इंग्रजीत अगदी असाच वाद झाला आहे. ‘डोन्ट’, ‘वोन्ट’, ‘कान्ट’मधला नकाराचा तुकडा हा ‘नॉट’चं आखूड रूप, म्हणजे टेकून उभा असलेला शब्द, असं सगळे धरून चालले होते. झ्विकी आणि पुलम या दोघांनी 1983 साली दाखवलं की तो प्रत्ययासारखा वागतो. ‘विल’चं ‘वोन्ट’ का होतं त्याला आजच्या भाषेत नियम नाही, काही क्रियापदांना तो लागतच नाही, आणि अर्थही दर वेळी सरळ जुळत नाही. उगम शब्दाचा, वागणूक प्रत्ययाची.

वऱ्हाडी_ठेचा

अकोल्याकडला माणूस मधात बोलतो, रागावू नका. आमच्याकडे घरात ‘कळेना’, ‘उघडेना’ कोणी बोलतच नाही. ‘मले समजूनच नाही राहिलं’, ‘दरवाजा उघडूनच नाही राहिला’. ‘कळेना’ पुस्तकातून आलं. म्हणून मला तुमची ही वाक्यं ‘चालतात’ की ‘नाही’ हे आतून सांगता येत नाही. पण एक दिसतं. अवग्रह म्हणतात तो अडून बसल्याचा अर्थ आम्ही ‘नाही राहिलं’ने आणतो, आणि तिथे सगळे शब्द सुटे आहेत. अर्थ बेरजेच्या बाहेर गेला म्हणून प्रत्यय, हे सरसकट नसावं.

अवग्रह

हे बरोबर आहे, आणि महत्त्वाचं आहे. सुट्या शब्दांचाही मिळून वेगळा अर्थ होतो, ‘डोळा लागला’ म्हणजे झोप लागली. एकट्या अर्थाच्या चाचणीवर कधीच निकाल देऊ नये. जागा न हलणं आणि नकार वाटून न घेता येणं, या दोन्हींबरोबर ती आली म्हणून मी तिला वजन दिलं.

माडाची_सावली

तुम्ही ‘कळेचना’वर अजून बोललाच नाहीत. पानसुपारींचा मूळ प्रश्नच तो होता. ‘च’ सुट्या शब्दांमागे येतो: मीच, कालच, गेलोच. तो ‘कळे’ आणि ‘ना’ यांच्या मधोमध शिरतो. प्रत्यय आणि धातू यांच्यात ‘च’ शिरलेला कुठे दाखवाल? ‘मुलाचला’ म्हणता का? ‘येईचन’ म्हणता का? नाही ना. ‘करतच नाही’, ‘करूच नये’, ‘करूच नको’, तसंच ‘कळेचना’. ‘च’ शिरतो, म्हणजे तिथे फट आहे. फट आहे, म्हणजे दोन शब्द आहेत.

अवग्रह

माझ्या बाजूला अडचणीचा सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे. नेहमीचा नियम असा की टेकणारे शब्द सगळ्यात बाहेर येतात, आणि त्यांच्या बाहेर पुन्हा प्रत्यय लागत नाही. ‘च’ टेकणारा आहे याबद्दल कुणाचंच दुमत नाही. मग त्याच्या बाहेर आलेला ‘ना’ प्रत्यय कसा, हे विचारणं रास्तच आहे.

पण फट किती रुंद आहे ते मोजून बघू. ‘करत नाही’च्या फटीत काय काय शिरतं? करतच नाही, करतही नाही, करतसुद्धा नाही, करत मात्र नाही. आता ‘हलेना’त घाला. ‘हलेचना’ उत्तम. ‘हलेहीना’? ‘हलेसुद्धाना’? ‘हलेमात्रना’? एकही नाही. ‘नाही’च्या आधी उघडं दार आहे, ‘ना’च्या आधी एकट्या ‘च’पुरती खिडकी. आणि ‘च’ बाहेरही बसतो, ‘ऐकेनाच’ म्हणतातच.

एकट्या ‘च’ला अशी सवलत मराठीत दुसरीकडेही आहे. ‘माझ्याकडेच का बघतोस?’ आणि ‘माझ्याचकडे का बघतोस?’ दोन्ही ऐकू येतात. ‘तुझ्याचसाठी’, ‘त्याच्याचमुळे’. ‘कडे’ आणि ‘मुळे’ एकटे उभे राहू शकत नाहीत, तरी ‘च’ त्यांच्या आधी घुसतो. ‘ला’च्या आधी मात्र नाही, ‘मलाच’ म्हणावं लागतं. म्हणजे ‘च’ शिरतो तिथे दोन पूर्ण शब्द असतातच असं नाही. जोड अजून पुरता मिटलेला नाही एवढंच त्यातून म्हणता येईल.

माडाची_सावली, तुमच्या गोव्याशी दूरचं नातं असलेलं एक उदाहरण देतो. पोर्तुगालच्या औपचारिक पोर्तुगीज भाषेत ‘मी तुला देईन’ म्हणताना ‘तुला’ या अर्थाचं टेकणारं सर्वनाम ‘दे’ आणि भविष्यकाळाचा शेवट यांच्या मधोमध घालतात. तो शेवट एके काळी सुटं सहायक क्रियापद होता. आज त्याला सगळे भविष्यकाळाचा प्रत्यय म्हणतात, पण जुनी फट त्या एका रचनेत राहून गेली आहे. ‘कळेचना’ मला त्याच वाटेवरचं दिसतं.

देशस्थ_मास्तर

‘माझ्याचकडे’ मी वर्गात खोडत आलो आहे. ‘माझ्याकडेच’ हेच शुद्ध. अशुद्ध रूपावर सिद्धांत उभा करणं बरोबर नव्हे.

पानसुपारी

मास्तर, माझ्याकडच्या ध्वनिमुद्रणात ‘तुझ्याचसाठी आणलंय गं बाई’ हे शिकवणीच्या बाहेरच्या बाईच्या तोंडून, अगदी सहज आलेलं आहे. ते मला खोडता येणार नाही. शुद्ध-अशुद्धाचा निर्णय बाजूला ठेवून बोलू या.

अवग्रह, बाकीचं समजतंय. पण तुमचा कल प्रत्ययाकडे आहे, तर तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा कोणता?

अवग्रह

‘दिसेनासा झाला.’

‘गाडी दिसेनाशी झाली’, ‘ऐकू येईनासं झालं’, ‘डोंगर दिसेनासे झाले’. इथे ‘दिसेना’ला ‘सा’ जोडून विशेषण तयार झालं आणि ते लिंग-वचनाप्रमाणे बदलतंही. नवा शब्द घडवणारा प्रत्यय ‘ना’च्या बाहेर लागला. ‘तो दिसे ना’ असे दोन शब्द असते तर दोघांना मिळून एक ‘सा’ कसा लागला असता? ‘दिसत नाहीसा झाला’ म्हणता येत नाही. ‘दिसेना’ आधी एक शब्द झाला, मगच ‘सा’ लागला.

माडाची_सावली

‘नाहीसा झाला’ म्हणता की! म्हणजे ‘सा’ सुट्या ‘नाही’लाही लागतो. तो नकाराच्या शब्दाला लागणारा ‘सा’ आहे. ‘दिसे’ आधी असो वा नसो.

अवग्रह

‘नाहीसा’ला लागतो खरा, पण तिथे ‘नाही’ एकटा आहे, त्याच्यासोबत क्रियापद घेता येत नाही. ‘नाहीसा’ म्हणजे लुप्त, बस. ‘ना’चं उलट. ‘नासा झाला’ असं एकटं होत नाही, क्रियापद हवंच. माझ्या मते हा फरक निर्णायक आहे. तुम्हाला तो अपुरा वाटत असेल तर तुमची बाजूही टिकण्यासारखी आहे, कारण ‘कळेचना’चं ओझं माझ्याकडेच राहतं.

बिट्स_आणि_बाराखडी

मग माझ्या नियमात ‘नासा, नाशी, नासं, नासे’ही घालायला हवेत. आणि ‘का होईना’चं काय करू? ‘थोडं का होईना, खा.’ यात नकारच नाही. ‘होणे’ शोधणाऱ्याला हे दाखवलं तर तो वैतागेल.

अवग्रह

‘का होईना’ आणि ‘असेना का’ सूचीत स्वतंत्र ठेवा. ‘असू दे, चालेल’ असा अर्थ तिथे गोठला आहे. गंमत अशी की गोठूनही ते चालतंच: ‘दोन का होईनात, पण आंबे आण.’ नकार गेला, अनेकवचन राहिलं.

वऱ्हाडी_ठेचा

हे मात्र आमच्याकडेही आहे. ‘थोडं का होईना’ सगळेच बोलतात. म्हणजे ‘ना’चं रूप आमच्याकडून गेलं, आणि एवढंच मागे राहिलं? की हेही पुस्तकातूनच आलं?

पानसुपारी

माझ्यापुरतं ठरवते. ‘कळेना, कळेनात, कळेचना, दिसेनासा’ सगळं जोडून छापणार, आणि सूचीत क्रियापदाखाली घालणार. ‘का होईना’ला वेगळी नोंद. ‘येई ना!’ असा दुजोऱ्याचा ‘ना’ सुटा. तो ओळखायला अनेकवचनाची चाचणी पुरते, पण एकवचनात ‘येईच ना’ आणि ‘येईचना’ कागदावर ठरवता येत नाहीत. तिथे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावं लागतं. दुजोऱ्याच्या ‘ना’आधी आवाज जरा थांबतो आणि ‘ना’वर चढतो, नकाराचा ‘ना’ एका दमात येतो.

मास्तर, सूचीच्या आधी एक टीप देईन की काही अभ्यासक ‘ना’ सुटा मानतात.

आणि अवग्रह, एक नवीन अडचण. आज उतरवलेल्या कथेत वाक्य आहे: ‘राणीला काही सुचेचनासं झालं.’ तीनदा ऐकलं, ‘च’ स्पष्ट आहे. ‘ना’च्या बाहेर ‘सं’ आणि आत ‘च’, दोन्ही एकदम.

माडाची_सावली

झालं तर मग! नवा शब्द घडवायच्या आधीच ‘च’ आत जाऊन बसला. एका शब्दाच्या पोटात टेकणारा शब्द?

देशस्थ_मास्तर

‘सुचेनासंच झालं’ असं हवं.

अवग्रह

मला स्वतःला ‘सुचेचनासं’ खटकत नाही, ‘दिसेचनासा’ मात्र खटकतं. फरक का पडावा ते सांगता येत नाही. ‘सुचेचना’ फार रुळलेलं आहे म्हणून ते अख्खंच्या अख्खं ‘सा’ला मिळत असेल. पानसुपारी, त्याच बाईंच्या बाकीच्या कथांत ‘च’ असलेली आणखी अशी रूपं सापडतात का बघाल? ‘सुचणे’, ‘कळणे’ सोडून दुसऱ्या एखाद्या क्रियापदाचं एक जरी मिळालं तरी माझी बाजू लंगडी पडेल.

पानसुपारी

बघते. त्यांच्या बऱ्याच कथा अजून उतरवायच्या आहेत. ‘दिसे’, ‘येई’, ‘चालवे’ यांच्याकडे मुद्दाम कान ठेवीन.